शाळा सुटेल, वेणी सुटणार नाही: लांब, दाट केसांसाठी दोन सागरवेण्या

माझी लेक अकरा वर्षांची आहे. केस कमरेपर्यंत, आणि सगळे एकत्र धरले तर माझ्या मुठीत जेमतेम मावतात. पहिली दोन वर्षं मी तिची उंच पोनी बांधत असे. पाच मिनिटांत व्हायची, दिसायलाही छान. संध्याकाळी दारात उभी राहायची तेव्हा तीच पोनी मानेपर्यंत घसरलेली, कानांवर झिपऱ्या, आणि रबर केसांत असं गुंतलेलं की ते कात्रीनं कापावं लागे. मला वाटायचं, रबर सैल पडलं. म्हणून दुसऱ्या दिवशी एक वेढा जास्त. पोनी घसरायची ती घसरायचीच, वर डोकं दुखायला लागलं.

चूक रबरात नव्हती. दाट केसांचा जुडगा जाड असतो. रबर त्यातले बाहेरचे केस आवळतं, आतले मात्र एकमेकांवरून सरकत राहतात. त्यात लांबीमुळे वजन भरपूर. मुलगी धावली की ते सगळं वजन प्रत्येक पावलाला एकाच जागी हिसका देतं. मग रबर कितीही घट्ट असो, ते खाली येणारच. सागरवेणीत, म्हणजे कपाळापासून थोडे थोडे केस उचलत गुंफलेल्या वेणीत, हे वजन डोक्यावर आठ-दहा ठिकाणी वाटलं जातं. वेणी टिकते ती यामुळे. घट्ट ओढल्यामुळे नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं हाताच्या सवयीचं काम आहे.

एकच सागरवेणी घालावी की दोन? दाट केसांना दोन. एका वेणीत पेड इतके जाड होतात की लहान मुलीच्या डोक्यावर ते नीट बसत नाहीत, वेणी डोक्यापासून सुटून उभी राहते. दोन केल्या की प्रत्येकीत निम्मेच केस येतात, वेणी टाळूला चिकटून बसते, हेल्मेट घालायचं असलं तरी मध्ये येत नाही.

दमट हवा नेमकं काय करते

केस हवेतला ओलावा शोषून घेतात आणि थोडे फुगतात. केसांतले काही सूक्ष्म बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात, त्यामुळे सकाळी चापून बसवलेला केस दुपारी आपल्या मूळ वळणावर जातो. गुंफलेल्या लांब केसाला फुगूनही बाहेर जायला वाट नसते. आखूड केसाला असते. म्हणून दमट दिवशी वेणीभोवती जी धुरकट कड दिसते ती बहुतेक आखूड केसांची: कपाळावरची बारीक लव, तुटून परत वाढणारे केस, आणि पायऱ्या-पायऱ्यांत कापलेल्या केसांची टोकं.

यातलं शेवटचं आपल्या हातात आहे. दाट केस ‘हलके’ करण्यासाठी पार्लरमध्ये अनेकदा पायऱ्या कापून देतात. मोकळ्या केसांना ते शोभतं, पण वेणीत प्रत्येक पायरीचं टोक काट्यासारखं बाहेर येतं. रोज वेणी घालायची असेल तर खालून सरळ एका रेषेत कापून घ्या. पायऱ्या आधीच असतील तर धीर धरावा लागतो, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतात.

तयारी आदल्या रात्री

शाळेच्या दिवशी सकाळी न्हाणं नको. इतके दाट केस वाळायला चार-पाच तास सहज जातात आणि ओल्या केसांची वेणी दोन्हीकडून त्रास देते. ओला केस ओढला की कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो आणि वाळताना पुन्हा आखडू पाहतो, म्हणजे सकाळी ठीक वाटलेली वेणी दुपारी मुळाशी ओढायला लागते. शिवाय वेणीच्या गाभ्यातला ओलावा दिवसभर जात नाही. संध्याकाळी वेणी सोडल्यावर कुबट वास आला तर समजा, आत ओलच होती.

आदल्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी लवकर धुवा आणि पूर्ण वाळू द्या. एक दिवसाचे केस वेणीला उलट जास्त चांगले. नुकते धुतलेले फार निसरडे असतात. तेलाचंही तसंच. चंपी करायची तर धुण्याआधी करा. सकाळी तेल चोपडून घातलेली वेणी तासभर चकचकीत दिसते, मग पेड एकमेकांवरून घसरतात आणि घामाबरोबर धूळ बसते.

रात्री झोपण्यापूर्वी गुंता काढून एक सैल तिपेडी वेणी घाला. गुंता खालून वर काढायचा: आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मुळं. बट मुठीत धरून मुठीच्या खालचं विंचरलं की ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. सकाळी तुम्हाला वेणी घालायला बारा-पंधरा मिनिटं लागणार आहेत; त्यात गुंत्याची दहा मिनिटं आणखी घालू नका.

भांग आणि वाटणी

मुलीला पाठीला टेकू नसलेल्या स्टुलावर सरळ बसवा. शेपटीचा कंगवा घ्या, म्हणजे ज्याच्या एका टोकाला बारीक दांडी असते तो. ही दांडी नाकाच्या रेषेत कपाळावर टेकवून, टाळूवरून न उचलता माथ्यापर्यंत आणा. मग मागून, मानेच्या मधोमध लागणाऱ्या हाडापर्यंत. समोरचा भांग सगळे नीट पाडतात आणि मागचा अंदाजानं. पण दाट केसांत मागेच जास्त केस असतात. तिथे भांग बोटभर सरकला तर एक वेणी जाड, एक बारीक होते, आणि जाड वेणी आधी सुटते.

खात्री करायला दोन्ही बाजूंचे केस अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात धरून पाहा. कडं दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे. ज्या बाजूचं काम नंतर करायचं ती रबरानं बांधून बाजूला ठेवा, नाहीतर तिकडचे केस इकडच्या पेडात शिरतात.

वेणी गुंफताना

कपाळाच्या केसरेषेपासून दोन बोटं मागे, भांगाला लागून, अंगठ्याएवढी जाड बट उचला आणि तिचे तीन पेड करा. अगदी केसरेषेवरून सुरुवात करू नका. तिथले केस बारीक आणि नाजूक असतात, त्यांच्यावर वेणीचं वजन टाकायचं नाही. पहिल्या दोन आट्या नुसत्या घाला, नवीन केस न घेता. ही झाली वेणीची मुळी. यानंतर प्रत्येक बाजूचा पेड मधल्यावर टाकण्याआधी त्या बाजूची एक बट त्यात मिसळायची: आतल्या बाजूला भांगालगतची, बाहेरच्या बाजूला कानशिलाकडची.

दाट केसांत खरी मेख इथे आहे. हाताला भरपूर केस लागतात म्हणून आपण जाड बट उचलतो. तीन-चार बटांतच काम संपतं आणि बटांच्या मध्ये ढिले पट्टे राहतात. सकाळी ते दिसत नाहीत. खेळाच्या तासानंतर नेमके तेच सुटून गालावर येतात. करंगळीपेक्षा बारीक बट घ्या. माझ्या लेकीच्या डोक्यावर कपाळापासून मानेपर्यंत प्रत्येक बाजूला आठ बटा बसतात. आधी मी पाच घेत होते. त्या तीन बटांनी जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही जेलनं पडला नाही.

हात कुठे आहे याकडेही लक्ष ठेवा. बोटांची पेरं सतत टाळूला टेकलेली हवीत. हात टाळूपासून वर उचलून गुंफलं तर आटी हवेत बसते, आणि हात काढला की तेवढं अंतर ढिलं पडतं. मग आपण ते ओढून घट्ट करायला जातो आणि ‘आई, दुखतंय’ सुरू होतं. पेरं टेकलेली असली की ओढावं लागतच नाही. प्रत्येक बट वेणी ज्या दिशेनं जाणार त्याच दिशेनं, म्हणजे मागे आणि खाली न्या. वर उपसून आणलेली बट दिवसभरात आपल्या वजनानं खाली बसते आणि तिथे फुगा येतो.

मान: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

वेणी कानाच्या मागे पोचली की आपण सहज म्हणतो, ‘मान खाली घाल.’ मीही वर्षानुवर्षं म्हणत होते. मान खाली घातली की मानेवरची कातडी ताणली जाते आणि त्या ताणलेल्या कातडीवर आपण केस बसवतो. मुलगी मान वर करते, कातडी सैल होते, आणि केसांचा झोळ पडतो. तासाभरात त्या झोळातून मानेवरच्या बटा बाहेर. घामानं त्या मानेला चिकटतात, मुलगी खाजवते, उरलेल्याही निघतात.

म्हणून मानेवरच्या शेवटच्या तीन बटा घेताना तिला समोर बघायला सांगा, हनुवटी किंचित वर. तुम्हाला खाली वाकावं लागेल. मी सरळ गुडघ्यांवर बसते. मानेवरचे केस आधी कंगव्यानं नव्हे, हातानं वेणीकडे सारून घ्या, मग बट उचला. शेवटची बट अगदी केसरेषेवरची, तिच्याखाली काही उरता कामा नये. तिथली बारीक लव मात्र सोडून द्या. ती कशातच बसत नाही.

आता उलट तपासणी. तिला हनुवटी छातीला टेकवायला सांगा. थोडं ओढल्यासारखं वाटणं ठीक. तोंड वाकडं झालं तर शेवटच्या दोन आट्या सोडून पुन्हा घाला. वर्गात ती पाच तास वहीवर मान घालून बसणार आहे, मग सकाळची ती जराशी ओढ दुपारपर्यंत डोकेदुखी होते.

सगळे केस वेणीत आले की मानेपाशीच एक बारीक, मऊ रबर बांधा. फक्त दोन वेढे. याला आमच्या घरी ‘कुलूप’ म्हणतात. खालची वेणी खेळताना सैल झाली, टोकाचं रबर पडलं, मैत्रिणीनं गमतीनं ओढली, तरी कुलपाच्या वरचं काही हलत नाही. दुरुस्ती करायची तर फक्त खालची तिपेडी वेणी पुन्हा घालायची, आणि ते मुलगी स्वतः करू शकते.

खालची वेणी आणि तिचं टोक

कुलपाच्या खाली साधी तिपेडी वेणी. तिन्ही पेड सारखे आहेत ना ते बघा. एक बारीक झाला असेल तर जाड पेडातून थोडे केस त्यात द्या. बारीक पेड आधी संपतो आणि वेणी टोकाशी वाकडी होते.

रबर अगदी टोकाशी लावू नका. टोकाला केस विरळ असतात, तिथे रबराला धरायला काही मिळत नाही. सहा-सात सेंटिमीटर उरले की थांबा, तीन वेढे घाला, मग उरलेलं टोक वर दुमडून त्याच्यावरच दुसरं रबर किंवा रिबीन बांधा. दुमडलेल्या टोकाची जी गाठ तयार होते तिच्यावरून रबर खाली घसरत नाही. रबर कापडानं मढवलेलं आणि सांध्याला धातूची पट्टी नसलेलं घ्या. त्या पट्टीत केस अडकून तुटतात आणि पुढे तेच आखूड केस होऊन वेणीभोवती उभे राहतात.

खेळाचा तास असेल त्या दिवशी

मोकळ्या लोंबणाऱ्या वेण्या पळताना पाठीवर आपटतात, कुणाच्या हातात येतात, चेंडू झेलताना पुढे येतात. शिवाय हलणारं वजन मुळाशी हिसके देत राहतं. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे तिच्या खेळाच्या दिवशी, मी वेण्या वर बांधते. वेणीचं टोक उचलून त्याच बाजूच्या कुलपापर्यंत आणायचं आणि कुलपावर रबराचे दोन वेढे देऊन तिथेच बांधायचं. कानामागे लंबगोल फासा तयार होतो. केस कमरेपर्यंत असतील तर हा फासाही खांद्याच्या खाली येतो; तेव्हा वेणी आणखी एकदा दुमडून दुहेरी फासा करा.

पिना आणि चाप त्या दिवशी घरीच. पडलं किंवा टक्कर झाली तर धातूचा चाप डोक्यात रुततो, आणि घामट केसांत पिना तशाही टिकत नाहीत. सगळं काम मऊ रबरावर भागायला हवं. भागत नसेल तर वर कुठेतरी बट जाड घेतली गेली आहे.

दाराबाहेर पडण्यापूर्वी तिला पाच उड्या मारून डोकं दोन्ही बाजूंना जोरात हलवायला सांगा. फासा हलला तर कुलपावरचं रबर आणखी एक वेढा मागतंय. कपाळाकडची बट हलली तर पहिल्या दोन आट्या ढिल्या आहेत, आणि ते घरीच दुरुस्त करणं सोपं.

कपाळावरच्या बारीक केसांचं काय

वेणी पूर्ण झाल्यावर, आधी नाही. वाटाण्याएवढं साधं जेल तळहातांवर चोळून केसरेषेवरून मागे फिरवा, किंवा जुन्या मऊ टूथब्रशनं बसवा. नुसतं पाणी लावू नका. ते वाळलं की केस आधीपेक्षा जास्त उभे राहतात. खूप दमट दिवसांत ग्लिसरीन भरपूर असलेली सीरमंही मी टाळते, कारण ग्लिसरीन ओलावा ओढून धरतं. हे केस ओढून वेणीत कोंबायचा मोह मात्र आवरा. ते आखूड आहेत, पहिल्या धावेला बाहेर येणार, आणि येताना मुळावर ताण देऊन येणार.

संध्याकाळी वेणी वाचा

शाळेतून आल्यावर वेणी सोडण्याआधी अर्धा मिनिट बघा. मानेवर फुगा असेल तर सकाळी मान खाली होती. कानाजवळ पट्टा सुटला असेल तर त्या जागी बट जाड होती. एकच वेणी सैल असेल तर मागचा भांग सरकला. टोकाचं रबर हरवलं असेल तर दुमड घातली नाही. मी पहिले दोन आठवडे रोज असं पाहिलं आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट सुधारली. आता मंगळवारी पावणेआठला घातलेली वेणी दुपारी साडेतीनला येते तेव्हा कपाळाभोवती थोडी लव उभी असते, बाकी जागच्या जागी.

मग वेणी लगेच सोडा. घामानं ओली झालेली वेणी रात्रीपर्यंत ठेवायची नाही. बोटांनी टाळू मोकळी करा, पंख्याखाली पंधरा मिनिटं बसू द्या. पावसात भिजून आली असेल तर टॉवेलनं घासू नका, मुठीत दाबून पाणी टिपा आणि पूर्ण वाळल्यावरच विंचरा.

सोडताना टाळूही पाहायची. केसरेषेवर बारीक पुटकुळ्या, लाली, हात लावल्यावर दुखणं, किंवा कानशिलापाशी केस विरळ झालेले दिसले तर वेणी जास्त ओढली जात आहे. असा सततचा ताण दीर्घकाळ राहिला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. सुरुवातीला थांबवलं तर बहुतेक वेळा परत येतात. असं काही दिसलं की दोन-तीन आठवडे सागरवेणी बंद, मानेपाशी सैल एकच वेणी, आणि विरळपणा वाढतोय असं वाटलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

काही दिसत नसलं तरी रोज तीच रेषा नको. खेळाचा तास नसेल त्या दिवशी आमच्याकडे मानेपाशी कुलूप आणि खाली एक साधी वेणी असते, सहा मिनिटांचं काम. भांगही आठवड्यात एकदा बोटभर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवते. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दोन जादा रबरं आणि एक छोटा कंगवा ठेवलेला असतो. रबरं दर पंधरा दिवसांनी संपतात, कारण वर्गातल्या अर्ध्या मुली तिच्याकडूनच मागून नेतात.